मोमो तेल पितो, पण कढईबाहेर

माझी भाची जिमला जाते आणि खाल्लेला घास न् घास मोबाईलमध्ये नोंदवते. परवा तिने ‘व्हेज मोमो, एक प्लेट’ असं लिहिलं, तर ॲपने तिच्यापुढे कॅलरींचे चार वेगवेगळे आकडे ठेवले. “मावशी, यातला खरा कुठला? आणि उकडलेले म्हणजे डाएटच ना?” तिचा हा प्रश्न डोक्यातून जाईना. मग रविवारी काटा, कढई आणि मोदकपात्र घेऊन आम्ही दोघी ओट्यापाशी उभ्या राहिलो.

तिबेट, नेपाळ, सिक्कीमकडे मोमोत मांसाचं सारण भरपूर चालतं. आपल्याकडे गाडीवर मिळतो तो बहुतेक कोबीचा, आणि हिशोबात हा फरक मोठा आहे. आम्ही आठ मोमोंसाठी ६४ ग्रॅम मैदा घेतला, म्हणजे एका पारीला ८ ग्रॅम. सारणात ११० ग्रॅम कोबी, गाजर, कांदा आणि एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅम तेल. कोबीला मीठ लावून पाणी पिळून काढलं, नाहीतर पारी फुटते. उकडल्यावर आठांचं वजन २०० ग्रॅम भरलं.

आता मॅक्रो, म्हणजे कर्बोदकं, प्रथिनं आणि स्निग्धांश यांचा हिशोब. कर्बोदकं आणि प्रथिनं यांच्या दर ग्रॅमला ४ कॅलरी, स्निग्धांशाच्या ग्रॅमला ९. मैद्यात साधारण तीन चतुर्थांश कर्बोदकं आणि दहा टक्के प्रथिनं असतात. भाज्यांची थोडी भर धरली की प्लेटमध्ये कर्बोदकं ५५ ग्रॅमच्या आसपास, प्रथिनं ८, स्निग्धांश ६. एकूण ३०० कॅलरी. डोळ्यांना भाजी दिसते, पण ऊर्जेचा मोठा वाटा पारीचा आहे आणि प्रथिनंही बहुतेक मैद्यातलीच. ११० ग्रॅम भाजीच्या जेमतेम ३०-३५ कॅलरी होतात. उकडलेला मोमो हलका आहे हे खरं, पण जिमनंतरचं प्रथिनांचं खाणं म्हणून त्याच्याकडे बघू नये. मैदा आतड्याला चिकटून बसतो, ही भीती मात्र खोटी आहे. मैद्याचा स्टार्च लहान आतड्यात चटकन पचतो, किंबहुना जरा जास्तच चटकन, कारण त्याला रोखायला कोंडा उरलेला नसतो.

तळताना काय होतं, ते मात्र मला सगळ्यात आवडतं. आपण समजतो की मोमो उकळत्या तेलात पडला की स्पंजासारखा तेल शोषू लागतो. प्रत्यक्षात तेव्हा जवळपास उलटं घडत असतं. तेल १७५ अंशांच्या आसपास तापलेलं असतं आणि पारीत पाणी असतं. पृष्ठभागालगतच्या पाण्याची तत्क्षणी वाफ होते. कढईत जे बुडबुडे उसळताना दिसतात ते तेलाचे नव्हेत, मोमोतून सुटणाऱ्या वाफेचे. एक मिलिलिटर पाण्याची साधारण १.७ लिटर वाफ होते. एवढी वाफ बारीक छिद्रांतून बाहेर धडका देत असताना तेलाला आत शिरायला वाटच मिळत नाही. म्हणून पारीचा वरचा थर वाळून कुरकुरीत होतो आणि आतला भाग ओला असेपर्यंत १०० अंशांच्या आसपासच राहतो. आतला कोबी खरं तर वाफेवरच शिजत असतो.

मग तेल आत जातं कधी? झाऱ्याने मोमो बाहेर काढला की. त्याच्या अंगावर तेलाचा पातळ थर असतो. बाहेर येताच पारी थंड व्हायला लागते, छिद्रांत अडकलेल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं, आणि लिटरभर जागा व्यापणारी वाफ थेंबभर पाण्यात आवळली की तिथे पोकळी तयार होते. छिद्रातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि बाहेरची हवा अंगावरचं तेल आत ढकलते. वातीत तेल चढतं तशी केशाकर्षणाचीही त्याला साथ असते. बटाट्याच्या कापांवर हे फार सुंदर रीतीने तपासलं गेलं आहे. तळण अगदी संपत आल्यावर तेलात रंग मिसळला, तरीही कापांत भिनलेलं तेल बहुतांशी रंगीत निघालं. म्हणजे ते शेवटी शिरलेलं तेल होतं.

आता आमची मोजणी. तळलेला मोमो नुसता तोलला तर फसगत होते, कारण पाणी गेलेलं असतं आणि तेल आलेलं असतं. २०० ग्रॅमचे आठ मोमो तळल्यावर १८६ भरले. भाची म्हणाली, “वजन तर कमी झालं!” म्हणून आम्ही कढई तोलली, तळण्याआधी आणि तळून पूर्ण गार झाल्यावर, झाऱ्यासकट. पाणी वाफ होऊन उडालेलं असतं, त्यामुळे कढईत जी घट आली ती तेलाची. १९ ग्रॅम तेल कमी झालं होतं. टिपकागद आधी-नंतर तोलला तर त्यात ३ ग्रॅम. उरलेलं १६ ग्रॅम मोमोंत. मग पाणी किती गेलं तेही निघतं: १४ ग्रॅमची घट अधिक १६ ग्रॅम तेल, म्हणजे ३० ग्रॅम. घरगुती काट्यावर एक-दोन ग्रॅम इकडेतिकडे धरावेत.

त्या १६ ग्रॅम तेलाचे १४४. म्हणजे प्लेट ३०० वरून ४४५ कॅलरींवर गेली. कर्बोदकं, प्रथिनं तीच. स्निग्धांश तेवढा ६ वरून २२.

हे मोमो काढताना मी झारा कढईवरच धरून दोन-तीनदा झटकला होता आणि ते कागदावर सुटे मांडले होते. दुसरा घाणा मुद्दाम न झटकता थेट वाडग्यात एकावर एक ओतला. या वेळी मोमोंत २३ ग्रॅम तेल राहिलं. तेच तेल, तोच जाळ, तेवढीच मिनिटं. फरक पडला बाहेर काढल्यानंतरच्या काही सेकंदांत. मोमोच्या माथ्यावरच्या चुण्यांत तेल साचून राहतं आणि थंड होताना तेच आत ओढलं जातं. गार झाल्यावर कागदाने टिपण्यात फारसा अर्थ नाही, तोवर ते आत गेलेलं असतं. तेल पुरेसं तापलं नसेल तर वाफेचा जोर कमी पडतो, कवच धरायला वेळ लागतो आणि कमी गरम तेल दाट असल्याने अंगावर जास्त चिकटून येतं. कढईत टाकल्यावर बुडबुडे मरगळलेले दिसले तर ते मोमो तेलकट होणार हे ओळखावं. गाडीवर घाईच्या वेळी एकदम वीस-पंचवीस मोमो कढईत पडतात, तेव्हा तेल असंच उतरतं.

लाल चटणीकडे शेवटी वळलो. भिजवलेल्या सुक्या मिरच्या, टोमॅटो, लसूण, व्हिनेगर, मीठ आणि थोडं तेल. दोन मोठे चमचे, म्हणजे ३० ग्रॅम घेतली तरी २०-२५ कॅलरी. मॅक्रोत ती जवळपास दिसतही नाही. तिच्यात बघायचं ते मीठ: आमच्या चटणीत १०० ग्रॅमला २ ग्रॅम होतं, म्हणजे एका प्लेटबरोबर ०.६ ग्रॅम. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मिरचीने चरबी जळते म्हणून चटणी जास्त घेणारे भेटतात. मिरचीला तिखटपणा देणाऱ्या कॅप्सायसिनचा तसा परिणाम इतका किरकोळ आहे की तो एका मोमोचीही भरपाई करणार नाही. घाम येतो तो जिभेवरच्या उष्णतेच्या संवेदकांना मिरची चेतवते म्हणून, चरबी वितळते म्हणून नव्हे.

भाचीने नोंद केली: उकडलेले आठ, ३०० कॅलरी, चटणी २५. मग विचारलं, “आणि ते पांढरं मेयोनीज?” एका मोठ्या चमच्यात, १५ ग्रॅममध्ये, सुमारे १०० कॅलरी, जवळजवळ सगळ्या तेलाच्या. दीड चमचा घेतलं की उकडलेली प्लेट तळलेल्या प्लेटच्या बरोबरीला येते. तिने वाटी माझ्याकडे सरकवली आणि चटणीचा चमचा उचलला.