फोटोओळी आणि चौकटीतली वाक्यं: अहवाल छापायला देण्याआधी एवढं वाचा

(अहवालाचं काम घेऊन येणाऱ्या पतसंस्था, फ्रूटसेल सोसायट्या, शिक्षण संस्था यांच्यासाठी)

सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर घ्यायची असते, म्हणून ऑगस्ट लागला की जळगाव-धुळ्याकडच्या सगळ्या संस्थांचे अहवाल एकदमच आमच्या टेबलावर येतात. मजकूर, ताळेबंद, ऑडिट मेमो, सगळं तपासलेलं असतं. फोटोखालच्या ओळी मात्र शेवटच्या दिवशी कोणीतरी व्हॉट्सअपवर टाईप करून पाठवतं, आणि सभासद नेमकं तेच आधी वाचतो. अहवाल हातात पडला की तो फोटो बघतो, फोटोखाली बघतो, मोठ्या अक्षरातली चौकट बघतो, मग लाभांशाचं पान काढतो. मधला मजकूर किती जण वाचतात ते तुम्हालाही माहीत आहे.

एक उदाहरण घेऊ. सोसायटी आम्हीच मनाने रचलेली आहे, कोणी अंगावर घेऊ नका. समजा अडावदकडची एक केळीची फ्रूटसेल सोसायटी आहे, यंदा पॅकहाऊस बांधलं, आणि अहवालात परिच्छेद आहे: “संस्थेने यावर्षी नवीन पॅकहाऊस उभारले. त्याचे उद्घाटन मान्यवरांच्या हस्ते झाले. पॅकहाऊसमुळे सभासदांच्या केळीस चांगला भाव मिळाला.” शेजारी फोटो, पाण्याच्या टाकीभोवती चार बाया उभ्या, हातात फण्या. फोटोओळ आली: “संस्थेच्या नवीन पॅकहाऊसमध्ये काम करताना महिला कामगार.”

आता लाल पेन घ्या आणि ओळीतला जो शब्द फोटोत दिसतो किंवा शेजारच्या परिच्छेदात आहे तो खोडा. “महिला कामगार” दिसतायत, “काम करताना” दिसतंय, “नवीन पॅकहाऊस” परिच्छेदात आहे, “संस्थेच्या” तर मुखपृष्ठावरच आहे. उरलं काय? काहीच नाही, म्हणजे ही ओळ छापली काय अन् नाही काय, सारखंच.

अशा वेळी आम्ही सेक्रेटरीभाऊंना नाही, पॅकहाऊसच्या सुपरवायझरला फोन लावायला सांगतो आणि एकच प्रश्न विचारायला सांगतो, की फोटोत जे दिसत नाही ते काय चाललंय? तो सांगतो की टाकीत तुरटीचं पाणी आहे, घडापासून फण्या वेगळ्या केल्या की कापलेल्या जागेतून चीक येतो, तो सालीवर वाळला तर काळे डाग पडतात आणि मग व्यापारी तो माल बाजूला काढतो. झाली ओळ: “घडापासून कापलेल्या फण्या तुरटीच्या पाण्यात धुताना. चीक इथेच निघतो, नाहीतर पेटीत गेल्यावर सालीवर काळे डाग दिसतात. अडावद, फेब्रुवारी २०२५.” पुढे डावीकडून चौघींची नावं, त्यांना विचारून. आता गंमत बघा, परिच्छेदात “चांगला भाव मिळाला” होतं पण पॅकहाऊसमध्ये मालाचं नेमकं काय होतं ते नव्हतं, ते फोटोओळीने सांगितलं. फक्त एक पथ्य पाळा, “यामुळे भाव वाढला” असं ओळीत लिहू नका. डाग कमी झाले हे सुपरवायझर सांगू शकतो, भावाचं मात्र विक्रीच्या आकड्यांनी दाखवायला लागतं.

आता फीत कापतानाचा फोटो. तो काढून टाका असं आम्ही म्हणत नाही, म्हटलं तरी कोणी ऐकणार नाही! पण “उद्घाटनप्रसंगी उपस्थित मान्यवर” यातून कोणालाच काही कळत नाही आणि पाच वर्षांनी तर संचालकांनाही आठवणार नाही की तो टोपीवाला कोण. नावं आणि हुद्दे डावीकडून क्रमाने ओळीत द्या, तारीख द्या, आणि परिच्छेदातली पाहुण्यांची यादी उडवा. दुरुस्ती दरवेळी फोटोओळीतच व्हायला पाहिजे असं काही नाही, पुष्कळदा मजकुरातलं वाक्य काढलं की ओळीला काम मिळतं.

तारखेवरून सगळ्यात जास्त घोळ होतो. फाईलचं नाव `IMG-20250812-WA0007.jpg` असं असतं आणि लोक धरून चालतात की फोटो १२ ऑगस्टचा, पण ती व्हॉट्सअपवर फोटो आला-गेल्याची तारीख असते, काढल्याची नाही. काढल्याची तारीख फोटोच्या आत नोंदलेली असते आणि व्हॉट्सअप नेहमीसारखा फोटो पाठवताना ती पुसतं, वर फोटो बारीकही करतं. म्हणून फोटो डॉक्युमेंट करून पाठवा. आणि आकड्यांचं असं, की अहवाल ३१ मार्चपर्यंतचा असतो, फोटोओळ ऑगस्टमध्ये लिहिली जाते, मग लिहिणारा आजची सभासदसंख्या टाकतो आणि ती ताळेबंदाशी जुळत नाही. सभेत कोणीतरी आप्पा उभे राहून विचारतातच. सगळ्या फोटोओळी एका कागदावर काढून नुसते आकडे ऑडिटच्या प्रतीशी ताडून बघा, चूक लगेच सापडते. ३१ मार्चनंतरचा आकडा द्यायचाच असेल तर त्याच्यापुढे तारीख लिहा.

आता चौकटीतल्या मोठ्या अक्षरातल्या वाक्याबद्दल. चेअरमनसाहेबांच्या मनोगतातून बहुतेक वेळा हेच उचललं जातं: “सभासदांच्या विश्वासाच्या जोरावर संस्थेची घोडदौड सुरू आहे.” हे वाक्य कुठल्याही सोसायटीच्या अहवालात बसतं, म्हणून ते तुमचं नाही. त्याच मनोगतात तिसऱ्या परिच्छेदात समजा असं आहे की “पॅकहाऊसचं कर्ज फेडायला सुरुवात केली म्हणून यंदा लाभांश कमी ठेवला, हा निर्णय संचालक मंडळाने एकमताने घेतला.” हे उचला. साहेब नाही म्हणतील, पण हा प्रश्न सभागृहात येणारच आहे, मग उत्तर आधीच मोठ्या अक्षरात असलेलं काय वाईट?

फक्त चौकट मनोगताच्या पानावर ठेवू नका. तिथे तेच वाक्य चार बोटांवर छापलेलं असतं आणि वाचणाऱ्याला वाटतं छपाईत दोनदा पडलं. ती लाभांशाच्या तक्त्याशेजारी ठेवा, खाली “चेअरमन, मनोगतातून” एवढं लिहा. तक्त्यात कमी टक्का दिसतो आणि शेजारीच त्याचं कारण. वाक्य जसंच्या तसं पाहिजे, लांब असेल तर मधला भाग टिंबं देऊन गाळता येतो, पण दोन वेगवेगळ्या परिच्छेदांतले तुकडे जोडून एक वाक्य करायचं नाही, शब्द बदलायचा नाही. पंधरा-वीस शब्दांपेक्षा जास्त झालं तर ती चौकट राहत नाही, परिच्छेदच होतो.

मजकुरात नसलेल्या माणसाचं बोलणं चौकटीत आलं तर आम्हाला जास्त आवडतं. टाकीवरच्या बाई म्हणाल्या समजा, “आते घड डोकावर नही, ट्रॉलीवर जातस,” तर ते अहिराणीतच राहू द्या, त्याचं “आता घडांची वाहतूक ट्रॉलीद्वारे होते” करू नका. खाली नाव, गाव आणि किती वर्षांपासून काम करतात ते टाका, आणि छापण्याआधी त्यांना वाचून दाखवा.

आमच्याकडे येताना प्रत्येक फोटोसाठी एवढं लिहून आणा: कोण, कुठे, कधी, आणि फोटोत न दिसणारी एक गोष्ट. ओळ आम्ही बसवतो, शक्यतो दोन ओळींत, ९ पॉइंटच्या खाली अक्षर नेत नाही कारण सभेला येणारे निम्मे चष्मेवाले असतात. पहिलं प्रूफ आलं की मजकुराआधी फोटोओळी वाचा, आणि फोटोतल्या माणसांच्या नावांचं स्पेलिंग त्यांच्याकडूनच तपासून घ्या, पाटील-चौधरी ठीक असतात, घोळ पहिल्या नावातच होतो.