लांबी, मूड आणि परवाना: एआय पार्श्वसंगीताची पार्श्वभूमी

तयार संगीत व्हिडिओखाली लावताना एक अडचण कायम यायची: दृश्य संपतं तिथे संगीत संपत नाही. एआय साधनांनी आधी हात घातला तो याच अडचणीला. लंडनच्या ज्यूकडेकवर शैली, मूड आणि लांबी निवडली की तुकडा तयार व्हायचा. ते साधन आधी स्वर रचायचं आणि मग साठवलेल्या वाद्यध्वनींत वाजवायचं, त्यामुळे ठरल्या सेकंदाला समेवर येणं सोपं होतं. आवाज मात्र कृत्रिम वाटायचा. 2019 मध्ये ही कंपनी बाइटडान्सने घेतली.

पुढची मॉडेलं थेट ध्वनीच निर्माण करू लागली. आवाज खरा वाटू लागला, पण लांबी हातची गेली. त्यांना शिकवताना मोठ्या गाण्यांतून कुठलेही ठरावीक लांबीचे तुकडे कापून दिले जात, म्हणून त्यांचं संगीतही मध्येच सुरू व्हायचं आणि ओळ अर्धी राहून तुटायचं. सप्टेंबर 2023 मध्ये आलेल्या स्टेबल ऑडिओने यावर चांगला तोडगा काढला. प्रत्येक तुकड्यासोबत तो मूळ रचनेत कितव्या सेकंदाला येतो आणि रचना एकूण किती सेकंदांची आहे, हेही मॉडेलला शिकवलं गेलं. त्यामुळे सुरुवात आणि शेवट म्हणजे काय, हे त्याला कळू लागलं.

तरीही थोडा हिशेब आपणच करावा. समजा, 60 सेकंदांचा निवेदन असलेला व्हिडिओ आहे. 96 बीपीएम, म्हणजे मिनिटाला 96 मात्रांचा वेग, आणि चार मात्रांचा बार घेतला, तर एक बार 2.5 सेकंदांचा होतो आणि 24 बार बरोबर मिनिटात बसतात. दृश्य 20 आणि 40 सेकंदांना बदललं, तर ते दर आठ बारांनी येणाऱ्या वळणावर पडतं. 90 बीपीएमला मात्र साडेबावीस बार होतात आणि शेवट अर्ध्या बारात अडकतो. प्रॉम्प्टमध्ये ‘आनंदी’ एवढंच लिहू नये. वेग, दोन-तीन वाद्यं आणि ‘गायन नको’ हे लिहावं. निवेदनाखाली बासरी किंवा व्हायोलिनची ठळक धून आली की शब्द दबतात. तिथे गिटारची हलकी छेड किंवा पॅड, म्हणजे मागे संथपणे भरून राहणारा लांब सूर, बरा.

अटींचा गुंता याच काळात वाढला. जून 2023 मध्ये मेटाच्या म्युझिकजेन या संगीत बनवणाऱ्या मॉडेलचा कोड व्यावसायिक वापरालाही मोकळीक देणाऱ्या एमआयटी परवान्याखाली खुला झाला, पण मॉडेलच्या वेट फाइली, म्हणजे त्याने शिकलेलं ज्यात साठवलेलं असतं त्या फाइली, बिगर-व्यावसायिक परवान्याखाली राहिल्या. नुसता कोडचा परवाना वाचणारा इथे हमखास फसतो. जून 2024 मध्ये मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी सुनो आणि उडिओ या गाणी बनवणाऱ्या एआय साधनांच्या कंपन्यांवर अमेरिकेत खटले भरले. त्यातल्या काहींनी 2025 मध्ये तडजोड केली. अशा तडजोडीनंतर अटी बदलू शकतात, म्हणून तुकडा बनवला त्या दिवशीचं अटींचं पान पीडीएफ करून ठेवावं. सुनोच्या मोफत योजनेत बनवलेलं गाणं व्यावसायिक कामाला चालत नाही आणि नंतर पैसे भरले तरी त्या जुन्या गाण्याला तो हक्क आपोआप मिळत नाही. जाहिरातीचं काम असेल, तर आधी सशुल्क योजना घ्यावी आणि मगच तुकडा बनवावा.