खर्र्यानं नाही, पुवानं बंद झालेलं तोंड

समजा, यवतमाळकडच्या एका गावातला पंचविशीतला, रोज खर्रा खाणारा पोरगा आहे. घसा धरला म्हणून त्यानं मेडिकलमधून अझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या आणून खाल्ल्या. चौथ्या दिवशी दुखणं फक्त उजव्या बाजूला उरलं. त्याच बाजूच्या कानात कळा येतात, थुंकी गिळवत नाही, घास तोंडात धरून बोलल्यासारखा आवाज येतो आणि तोंडात जेमतेम एक बोट जातं. घरचे म्हणतात, "खर्र्यानं तोंड बसलं."

इथंच फसगत होते. खर्र्यानं तोंड आखडायला महिने-वर्षं लागतात आणि ताप येत नाही. दोन-तीन दिवसांत तापासह आखडलं, तर टॉन्सिलमागे पू झाल्याची शंका घ्यावी. टॉन्सिलचं आवरण आणि त्यामागचा स्नायू यांच्या फटीत हा पू साठतो. शेजारचा जबड्याचा स्नायू चिडून आवळतो, म्हणून तोंड उघडत नाही. टॉर्च मारली की उजवीकडची मऊ टाळू फुगलेली आणि पडजीभ डावीकडे सरकलेली दिसते.

गोळीचं औषध रक्तातून जातं, पण पुवाच्या पोकळीत रक्तवाहिन्याच नसतात. कडेला थोडं औषध पोचतं, आत फार कमी. त्यात गिळणंच बंद, म्हणजे गोळी पोटात जाण्याचीही खात्री नाही.

म्हणून पू काढावा लागतो. रुग्णाला ताठ बसवून जागा स्प्रेनं बधिर करतात. १८ नंबरच्या सुईचं टोपण कापून चढवतात, जेणेकरून सुमारे एक सेंटिमीटरच टोक उघडं राहील. फुगवट्याच्या वरच्या भागात सुई सरळ मागे घालतात, बाहेरच्या बाजूला वळवत नाहीत, कारण मेंदूकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी तिकडंच आहे. बहुतेकदा काही मिलिलिटर घाण वासाचा पू येतो आणि थोड्याच वेळात रुग्ण पाणी गिळू लागतो. सुईनं भागलं नाही, तर चीर देतात. हे काम कान-नाक-घसा तज्ज्ञाचं किंवा सराव असलेल्या डॉक्टरचं आहे, घरी टोचायचं नाही.

पुवात स्ट्रेप्टोकोकससोबत हवेविना वाढणारे जंतूही असतात. त्यातल्या काहींवर अझिथ्रोमायसिन चालत नाही, म्हणून ते इथं कच्चं पडतं. सहसा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट देतात: आधी शिरेतून, गिळता आलं की प्रौढांना ६२५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, साधारण दहा दिवस. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल, तर क्लिंडामायसिन. नुसतं मेट्रोनिडाझोल पुरत नाही, स्ट्रेप्टोकोकसवर ते चालत नाही.

सुई घालूनही पू आला नाही, तर ती नुसती सूज असू शकते. मग शिरेतून औषध देऊन चोवीस तासांनी पुन्हा पाहतात. पू निघाला तरी दुसऱ्या दिवशी दाखवायला जावंच, कारण पोकळी परत भरू शकते. लाळ गळू लागली, मान आखडली किंवा श्वास घरघरू लागला, तर १०८ बोलवायचं आणि नेताना रुग्णाला बसतंच ठेवायचं, आडवं करायचं नाही.