सूताच्या बिलावरचे २ टक्के आणि बँकेचे १२ टक्के, यात महाग कोण?

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यात हे नेहमीचं आहे, सूतवाला म्हणतो १० दिवसांत पैसे द्या, २ टक्के सीडी घ्या, नाहीतर ४५ दिवसांनी पूर्ण बिल द्या. आणि मालक म्हणतो २ टक्क्यांसाठी कशाला सीसी वापरायची, तिथे १२ टक्के व्याज आहे! इथेच घोळ होतो, कारण बँकेचे १२ टक्के वर्षाचे आहेत आणि सूतवाल्याचे २ फक्त ३५ दिवसांचे (४५ वजा १०).

समजा बिल २ लाखाचं. दहाव्या दिवशी दिलं तर १,९६,०००, म्हणजे ४,००० वाचले. सूट न घेणं म्हणजे हेच १,९६,००० सूतवाल्याकडून ३५ दिवस उधार घेऊन त्याला ४,००० व्याज देणं. म्हणून भागायचं १,९६,००० ने, २ लाखाने नाही. ४,००० भागिले १,९६,००० म्हणजे २.०४ टक्के, याला ३६५/३५ ने गुणलं की वर्षाचे साधारण २१.३ टक्के होतात.

आता तेवढेच पैसे १२ टक्क्यांच्या सीसीतून ३५ दिवसांसाठी काढले तर व्याज २,२५५ च्या आसपास. म्हणजे व्याज भरूनही १,७४५ हातात राहतात. सूट १ टक्काच असेल तर मात्र दर साडेदहावर येतो, मग सीसीला हात लावू नका. बाहेरून महिना २ टक्क्यांनी पैसे उचलत असाल तरी नको, ते वर्षाचे २४ होतात, ३५ दिवसांचं व्याज साडेचार हजारावर जातं आणि सूट ४,०००च.

दिवस मोजताना बिलावरचे ४५ धरू नका, तुम्ही खरंच कितव्या दिवशी देता ते धरा. आपल्याकडे ४५ चे ७५ व्हायला वेळ लागत नाही, सूतवाला फोन करतो, आपण 'बघतो' म्हणतो. ७५ व्या दिवशी पैसे देऊनही तो जास्तीचं काही लावत नसेल तर तीच सूट ६५ दिवसांवर पसरते आणि दर ११.५ वर येतो, म्हणजे सीसीपेक्षा कमी. मग सूट सोडलेली बरी, फक्त पुढच्या वेळी तो भाव चढवून लावतो का ते बघा, कारण काही जण उशीर भावातच वसूल करतात. उलट सूट घ्यायचीच असेल तर दुसऱ्याच दिवशी चेक देऊन टाकू नका, दहावा दिवस गाठा, आठ दिवसांचं व्याज उगाच का भरायचं.

आणि सीडी जीएसटी सोडून मूळ रकमेवर मिळते की पूर्ण बिलावर हे आधी विचारून घ्या. मूळ रकमेवर असेल तर २ लाखाच्या सूतावर ५ टक्के जीएसटी धरून देणं २,०६,००० होतं, सूट तीच ४,००० आणि दर २०.२ च्या आसपास. सीसीपेक्षा अजूनही बराच वर आहे, पण लिमिट आधीच भरत आलं असेल आणि शनिवारी कामगारांचा पगार असेल तर तो पगार आधी.