भावंडांना पाठवायच्या शुभेच्छेत हंडी कुठून आली?

गोकुळाष्टमी जवळ आली की आमच्या भावंडांच्या ग्रुपवर शुभेच्छा लिहायचं काम माझ्याकडे येतं. मावस, मामे, आते आणि चुलत मिळून धाकटे आठ आहेत. सगळ्यात लहान पाच वर्षांचा, मोठी अकराची. गेल्या वर्षी मी नेहमीसारखंच लिहिलं होतं, ‘गोविंदा आला रे आला, चढा थरावर, फोडा हंडी!’ त्यावर सात वर्षांच्या मामेबहिणीने विचारलं, “ताई, कृष्ण पण मित्रांच्या खांद्यावर चढायचा का गं?” मला पटकन उत्तर देता आलं नाही, म्हणून मूळ कथा काढून वाचली.

भागवताच्या दहाव्या स्कंधात, आठव्या अध्यायात, गोपी यशोदेकडे तक्रार घेऊन येतात. हात पोचला नाही की तुझा मुलगा पाट आणि उखळ रचून वर चढतो, शिंक्यात टांगलेल्या भांड्यात नेमकं काय आहे ते त्याला ठाऊक असतं आणि त्यालाच तो भोक पाडतो. म्हणजे त्या गाऱ्हाण्यात माणसांचा मनोरा नाही. एक लहान मूल आणि घरातलंच सामान, एवढंच आहे. पुढच्या अध्यायात तो रागाने दगड मारून ताकाचा डेरा फोडतो आणि मग उपड्या उखळावर उभा राहून शिंक्यातलं लोणी माकडांना वाटतो. आजच्या मुलांना शिंकं सहसा माहीत नसतं. मांजर आणि मुंग्या पोचू नयेत म्हणून दूधदुभत्याची भांडी आढ्याला दोरीच्या जाळीत टांगून ठेवत, ते शिंकं किंवा शिंकाळं. रस्त्यावर दोरीला लटकणारी हंडी म्हणजे तेच शिंकं घराबाहेर आलेलं.

काला मात्र या चोरीतला नाही, तो दुसऱ्याच प्रसंगातला आहे. तेराव्या अध्यायात कृष्ण आणि गवळ्यांची मुलं वासरं घेऊन यमुनेकाठी जेवायला बसतात. शिदोऱ्या शिंक्यांतून बाहेर निघतात. कोणी पानावर वाढून घेतो, कोणी फुलावर, कोणी झाडाच्या सालीवर, तर कोणी चक्क दगडावर. प्रत्येक जण आपल्या डब्याची चव दुसऱ्याला दाखवतो, हसतो, हसवतो. मधोमध बसलेल्या कृष्णाच्या डाव्या हातात घास आहे. तेवढ्यात वासरं दिसेनाशी होतात आणि तो घास हातात तसाच धरून त्यांना शोधायला निघतो. मला ही जागा फार आवडते, कारण सुट्टीत आजोळी एका ताटाभोवती बसणाऱ्या मुलांचं चित्र याहून वेगळं नसतं.

वारकरी परंपरेने हा प्रसंग अगदी आपलासा करून घेतला. ‘काला’ हा शब्द ‘कालवणे’ याच घरातला. तुकोबांच्या गाथेत काल्याचे अभंग आहेत, त्यांत मुलांचे खेळ आहेत आणि एकमेकांचं उष्टं खाणारे गोपाळ आहेत. पेंद्या हा गडी आपल्या गवळणी-अभंगांतलाच, संस्कृत भागवतात हे नाव सापडत नाही. सप्ताहाचा शेवट काल्याच्या कीर्तनाने होतो, दह्याची हंडी फुटते आणि प्रसाद वाटला जातो. आषाढी वारीची सांगताही पौर्णिमेला गोपाळपूरच्या काल्याने होते. थोडक्यात, फोडण्याचा खेळ एका कथेतून आला आणि वाटून खाण्याचा दुसरीतून. आपल्याकडे अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही एकत्र आले.

शुभेच्छा लिहिणाऱ्यांची इथेच तारखेची गफलत होते. जन्म अष्टमीच्या मध्यरात्रीचा, उपास त्या दिवसाचा, आणि हंडी दुसऱ्या दिवशी. २०२५ मध्ये जन्माष्टमी १५ ऑगस्टला होती आणि दहीहंडी १६ला. म्हणून मी आता दोन संदेश पाठवते. रात्रीचा पाळण्याचा, सकाळचा काल्याचा. अष्टमीच्या सकाळी ‘हंडी फोडली का?’ असं विचारलं की लहान मुलं खरंच गोंधळतात.

आरोळ्यांचंही तसंच आहे. ‘गोविंदा आला रे आला’ ही ओळ १९६३च्या ‘ब्लफमास्टर’ या हिंदी सिनेमातल्या गाण्यामुळे देशभर पोचली. ‘गोविंदा रे गोपाळा, यशोदेच्या तान्ह्या बाळा’ ही मात्र आपल्याकडे गल्लीबोळांत चालत आलेली हाक. ‘तुमच्या घरात नाही पाणी, घागर उताणी रे गोपाळा’ असं म्हणत पोरं वरच्या मजल्यांकडे पाणी मागतात आणि मग खरोखरच बादल्या रिकाम्या होतात. धाकट्यांसाठी मला ही ओळ सगळ्यांत चांगली वाटते, कारण तिच्यात त्यांना करण्याजोगं काहीतरी आहे.

थरांचं चित्र मी शुभेच्छेतून काढून टाकलं, त्याला कारण आहे. मुंबई-ठाण्यात मनोरे उंच होत गेले तसं सगळ्यात वर सगळ्यात हलकं, म्हणजे सगळ्यात लहान मूल जाऊ लागलं. पडलं तर तेच सर्वांत उंचावरून पडणार. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने थरांची उंची २० फुटांवर आणली आणि १८ वर्षांखालच्या मुलांना मनाई केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. अखेर ऑगस्ट २०१७ मध्ये, १४ वर्षांखालच्या मुलांना थरात घेऊ देणार नाही, हे राज्य सरकारचं म्हणणं उच्च न्यायालयाने मान्य केलं, उंचीवर मात्र बंधन घातलं नाही. माझ्या आठही भावंडांपैकी एकानेही अजून चौदा पूर्ण केलेली नाहीत. मग ‘चढा थरावर’ मी कोणाला लिहित होते?

घरच्या हंडीसाठी मूळ कथेतला पाटच पुरतो. हंडी अशी बांधायची की पाटावर उभं राहिलेल्या मुलाच्या हातातली काठी तिला टेकेल, आणि सर्वांत धाकट्यासाठी दोरी खाली सोडायची. मडकं छोटं आणि पातळ हवं. पहिल्या वर्षी आम्ही पाण्याचा जाड माठ टांगला होता. सहा फटक्यांनंतर तो फुटला तो मोठ्या धारदार तुकड्यांनी, आणि काला त्यातच असल्याने सगळा टाकावा लागला. आता मडक्यात फक्त लाह्या आणि फुलं असतात. काला वेगळ्या पातेल्यात: भिजवलेले जाड पोहे, ज्वारीच्या लाह्या, दही, काकडी, डाळिंबाचे दाणे, ओलं खोबरं आणि लिंबाच्या लोणच्याची एक फोड. लाह्या अगदी शेवटी घालायच्या, नाहीतर अर्ध्या तासात लगदा होतो.

यंदा सकाळसाठी लिहून ठेवलेला संदेश असा आहे:

‘माझ्या बालगोपाळांनो, काल रात्री बारा वाजता बाळ जन्मलं, तुम्ही झोपला होतात, ठाऊक आहे मला! आज ते मोठं झालंय आणि लोणी शोधतंय. पाट आणा, काठी आणा. शिंकं मी टांगलंय, कुठे ते सांगणार नाही. येताना प्रत्येकाने आपल्या घरातली एक खाऊची गोष्ट आणायची, सगळी एकाच पातेल्यात जाणार. वासरं हरवली तर घास हातात धरूनच शोधायला जायचं. गोविंदा रे गोपाळा! तुमची ताई.’

मामेबहिणीचं उत्तर आधीच आलंय: ती चकली आणणार आहे, आणि ती काल्यात चालते का, असं विचारतेय. चालते, पण लाह्यांसारखीच शेवटी घालायची.