क्लेमाँ-देसोर्म प्रयोग

हवेच्या दोन विशिष्ट उष्णतांचे (स्थिर दाबाखालील व स्थिर घनफळाखालील) गुणोत्तर γ फक्त दाबाच्या नोंदींवरून काढण्याची पद्धत. निकोला क्लेमाँ आणि शार्ल देसोर्म या फ्रेंच रसायनज्ञांनी ती १८१९ मध्ये प्रसिद्ध केली. कोरड्या हवेसाठी γ सुमारे १.४० असतो.

काचेच्या मोठ्या बुधल्यात पंपाने थोडी जादा हवा भरतात. पंपामुळे तापलेली हवा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबून दाबमापीतील पातळ्यांचा फरक h1 घेतात. मग रुंद तोटी क्षणभर उघडून लगेच बंद करतात. आतला दाब वातावरणाइतका होतो आणि उष्णता आत यायला वेळ न मिळाल्याने उरलेली हवा थंड पडते. काही मिनिटांत ती पुन्हा खोलीइतकी तापते, तसा दाब चढतो आणि स्थिरावतो. तो फरक h2. जादा दाब थोडाच असेल तर γ = h1/(h1 − h2). दोन्ही आकडे एकाच द्रवाचे असल्याने द्रवाची घनता माहीत असण्याची गरज पडत नाही.

समजा, मुंबईत ३० अंश सेल्सिअसच्या खोलीत h1 = २०.० सेंमी पाणी आणि h2 = ५.७ सेंमी आले. भागाकार २०.० ÷ १४.३, म्हणजे १.४०. यात हवा जेमतेम पावणेदोन अंशांनी थंड झालेली असते. सगळे मोजमाप एवढ्याशा थंडाव्यावर उभे आहे, म्हणून इथे पावसाळी हवेचा प्रश्न खरा आहे. बाष्पामुळे हवेचा स्वतःचा γ फारसा बदलत नाही. फरक तिसऱ्या दशांश स्थळावर पडतो. पण आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या वर असेल, किंवा बुधला आतून ओला राहिला असेल, तर तेवढ्या थंडाव्यानेही बाष्प सांद्रित होऊ लागते. त्यातून सुटणारी उष्णता हवेला पुरते थंड होऊ देत नाही, h2 कमी येतो आणि γ १.४० च्या बराच खाली घसरतो. यावर उपाय म्हणजे हवा कॅल्शियम क्लोराइडच्या नळीतून भरणे आणि दाबमापीत पाण्याऐवजी तेल वापरणे, कारण पाणी स्वतःच आतली हवा ओली करत राहते.

तोटी जास्त वेळ उघडी राहिली तरी γ कमीच येतो: काचेकडून उष्णता मिळून हवा तापते आणि जादा हवा बाहेर जाते. घाईने लवकर बंद केली तर दाब पुरता उतरलेला नसतो, म्हणून γ जास्त येतो. हे दोष हाताचे असल्याने आकडा दर खेपेस वेगळा येतो. ओलाव्यामुळे मात्र तो सतत एकाच बाजूला झुकतो. कोरडी हवा भरून पुन्हा पाहिले की कारण कळते.

एअर कंडिशनर चालू-बंद होणाऱ्या खोलीत हा प्रयोग करू नये. बुधल्याचे तापमान ०.१ अंशाने बदलले तरी दाब सुमारे ३.४ मिमी पाण्याइतका सरकतो आणि वरच्या उदाहरणात γ १.४० ऐवजी १.३७ किंवा १.४३ दिसू शकतो. प्रयोगाआधी बंद बुधल्याचा दाबमापी दहा-पंधरा मिनिटे नुसता पाहावा. पातळी हलली तर खोलीचे तापमान बदलते आहे किंवा बूच गळते आहे. गळतीत ती नेहमी खालीच जाते. तापमानामुळे दोन्ही बाजूंना सरकू शकते.