परिकल विभाजन : प्राणी पेशीतील खाच आणि वनस्पती पेशीतील पेशीपटल

सूत्री विभाजनात गुणसूत्रांचे दोन संच विरुद्ध ध्रुवांकडे गेल्यावर उरलेल्या पेशीद्रव्याची दोन पेशींत वाटणी होते. या टप्प्याला परिकल विभाजन किंवा जीवद्रव्याचे विभाजन म्हणतात. त्याची सुरुवात पश्चावस्थेच्या अखेरीस होते आणि अंत्यावस्थेत केंद्रके पुन्हा आकार घेत असताना ते चालू राहते. प्राणी पेशीत पृष्ठभागावर खाच पडते आणि ती आत आत सरकत पेशी दुभागते. वनस्पती पेशीत मध्यभागी पेशीपटल तयार होते आणि ते बाहेरच्या भित्तिकेकडे वाढत जाते. एक प्रक्रिया बाहेरून आत आणि दुसरी आतून बाहेर, एवढा फरक शालेय पुस्तकांत असतो. त्याहून मूलभूत फरक वेगळा आहे: पेशी कुठे दुभागायची हे प्राणी पेशीत गुणसूत्रे वेगळी होताना ठरते, तर बहुतेक वनस्पती पेशींत विभाजन सुरू होण्याआधीच ठरलेले असते.

प्राणी पेशी : खाच कुठे पडते?

खाचेखाली प्रद्रव्यपटलाला आतून चिकटलेले एक कडे असते. त्यात ॲक्टिन या प्रथिनाचे तंतू आणि ते ओढणारे मायोसिन-२ हे प्रथिन असते. जाडीला हे कडे मायक्रोमीटरच्या एक-दोन दशांशाइतकेच भरते, पण बटव्याची नाडी ओढावी तसे ते आवळत जाते. कडे नेमके मधोमध बसण्यामागे ऱ्हो-ए नावाचे प्रथिन असते. पश्चावस्थेत तुर्काच्या, म्हणजे गुणसूत्रे वेगळी करणाऱ्या सूक्ष्मनलिकांच्या रचनेच्या, मध्यभागी जमलेली काही प्रथिने या ऱ्हो-ए ला फक्त मधल्या पट्ट्यातच सक्रिय करतात. सक्रिय ऱ्हो-ए एकीकडे ॲक्टिनचे नवे तंतू वाढवायला लावते आणि दुसरीकडे मायोसिनला कामाला लावते.

हा संदेश तुर्काकडूनच येतो का, याची तपासणी सागरी प्राण्यांच्या मोठ्या, पारदर्शक अंड्यांवर झाली. जपानचे युकिओ हिरामोतो यांनी १९५६ मध्ये सागरी अर्चिनच्या अंड्यातून बारीक काचेच्या पिपेटने तुर्कच शोषून काढला. तो पश्चावस्थेनंतर काढला, तर अंडे तरीही वेळेवर दुभागले. म्हणजे तुर्काचे काम जागा सांगण्यापुरते असते. जागा एकदा ठरली की कडे स्वतःच्या बळावर आवळले जाते.

जागा सांगतो कोण, यावर रे रॅपापोर्ट यांचा १९६१ चा प्रयोग अजूनही सर्वांत बोलका आहे. त्यांनी सँड डॉलर या अर्चिनच्या नातलगाच्या फलित अंड्याला काचेच्या मण्याने मधोमध दाबून भोक पाडले, त्यामुळे पेशी कड्यासारखी झाली. पहिल्या विभाजनात तुर्क कड्याच्या एका बाजूला होता. खाच त्या बाजूलाच पडली आणि दोन केंद्रके असलेली, घोड्याच्या नालासारखी एकच पेशी उरली. दुसऱ्या विभाजनात नालाच्या दोन्ही भुजांत एकेक तुर्क तयार झाला. अपेक्षेप्रमाणे प्रत्येक तुर्काच्या मध्यावर खाच पडली. पण तिसरी खाच नालाच्या वळणावर पडली, जिथे तुर्क नव्हता आणि गुणसूत्रेही नव्हती. तिथे दोन वेगवेगळ्या तुर्कांचे ध्रुव शेजारी आले होते, आणि त्या ध्रुवांतून फाकलेल्या सूक्ष्मनलिका समोरासमोर भिडल्या होत्या. एकूण चार पेशी झाल्या आणि प्रत्येकीत एकच केंद्रक होते. गुणसूत्रांशिवायही खाच पडू शकते हे यातून स्पष्ट झाले. पुढच्या संशोधनाने तुर्काच्या मधल्या भागाकडूनही असाच संदेश येतो हे दाखवले. लहान पेशींत दोन्ही संदेश एकाच जागी पोहोचतात, म्हणून त्यांना वेगळे करून पाहणे अवघड जाते.

कडे पूर्ण आवळले की पेशी लगेच सुट्या होत नाहीत. दोघींमध्ये साधारण एक-दीड मायक्रोमीटर जाडीचा पूल राहतो. त्यात सूक्ष्मनलिकांची घट्ट जुडी असते आणि तिच्या मध्यावर मिडबॉडी नावाचा गडद ठिपका दिसतो. माणसाच्या वाढवलेल्या पेशींत खाच दहा-वीस मिनिटांत आत जाते, पण हा पूल तुटायला त्यानंतर तास-दोन तास लागू शकतात. शेवटचा छेद ॲक्टिन-मायोसिन देत नाही. एस्कर्ट-३ गटाची प्रथिने पुलाच्या आतल्या पटलावर सर्पिल बांधतात आणि ते आवळून पटल तोडतात. सूक्ष्मनलिका स्पास्टिन हे विकर कापते. पुलात एखादे गुणसूत्र अडकले असेल तर ऑरोरा-बी हे विकर तोडणी लांबवते, नाहीतर गुणसूत्रच चिरडले जाईल.

आवळण्याइतकाच प्रश्न प्रद्रव्यपटलाचाही आहे. एका गोलाचे तितक्याच एकूण आकारमानाचे दोन सारखे गोल केले, तर पृष्ठफळ सुमारे २६ टक्के वाढते. हे वाढीव पटल पेशीच्या पृष्ठावरील घड्या उलगडून आणि आतल्या पुटिका, म्हणजे पटलाच्या इवल्या पिशव्या, बाहेर जोडून मिळते. म्हणून प्राणी पेशीत फक्त पिळणे आणि वनस्पती पेशीत फक्त पुटिकांचा पुरवठा, अशी विभागणी बरोबर नाही. पुटिका दोन्हीकडे लागतात.

वनस्पती पेशी : आधी आखणी, मग भिंत

वनस्पती पेशी ताठ भित्तिकेत बंद असते आणि आतला दाब वातावरणाच्या कित्येक पट असतो. शेजारच्या पेशींना ती चिकटलेली असते, नंतर सरकून जागा बदलू शकत नाही. भिंत चुकीच्या जागी उभी राहिली तर ती तशीच राहते. म्हणून भिंतीची जागा आधीच आखली जाते.

पूर्वावस्थेच्या आधी सूक्ष्मनलिकांचा एक पट्टा प्रद्रव्यपटलालगत पेशीभोवती कमरपट्ट्यासारखा बसतो. गव्हाच्या पेशींत जे. डी. पिकेट-हीप्स आणि डी. एच. नॉर्थकोट यांनी १९६६ मध्ये तो दाखवला. याला प्रीप्रोफेज पट्टा म्हणतात. गव्हाच्या पानावरील पर्णरंध्राच्या बाजूच्या पेशी तयार होताना नवी भिंत वक्र असते, आणि ती नेमकी याच पट्ट्याच्या जागी जुन्या भिंतीला मिळते. नवल असे की केंद्रकाचे आवरण विरघळते तेव्हा पट्टाही नाहीसा होतो. जागेची खूण मात्र काही प्रथिनांच्या रूपाने प्रद्रव्यपटलावर राहते आणि विभाजनाच्या शेवटी पेशीपटलाला वाट दाखवते. ॲराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या वनस्पतीच्या ज्या उत्परिवर्तित रोपांत हा पट्टा बनत नाही, त्यांच्या पेशी दुभागतात, पण भिंती वाटेल त्या दिशेने जातात. रोप आखूड आणि जाड होते, तरी पान, मूळ, खोड असे सारे अवयव आपापल्या जागी असतात. पट्टा विभाजनासाठी अटळ नाही, तो अचूकपणासाठी आहे.

प्रत्यक्ष भिंत उभारणे हे फ्रॅग्मोप्लास्टचे काम. पश्चावस्थेनंतर दोन नव्या केंद्रकांमध्ये सूक्ष्मनलिकांचे दोन समोरासमोरचे जथे उभे राहतात, हाच फ्रॅग्मोप्लास्ट. गॉल्जी पिंडातून निघालेल्या पुटिका या नलिकांवरून मध्यरेषेवर येतात आणि एकमेकींत विलीन होतात. आधी नळ्यांचे जाळे होते, मग भोकांची चादर, आणि शेवटी सलग पटल. या टप्प्यात आत प्रामुख्याने कॅलोज हे कर्बोदक असते, सेल्युलोजची रीतसर भित्तिका नंतर बनते. म्हणून पेशीपटल आणि पेशीभित्तिका एकच मानू नयेत. पटलाची दोन्ही बाजूंची आवरणे पुढे दोन्ही पेशींची प्रद्रव्यपटले होतात. पटल बनताना आंतर्द्रव्यजालिकेचे धागे मध्ये अडकून राहतात, तिथे पेशींना जोडणाऱ्या जीवद्रव्यतंतूंची वाट उघडी राहते.

पटल जसे मधून पक्के होते, तशा मधल्या सूक्ष्मनलिका विरतात आणि कडेला नव्या उभ्या राहतात. त्यामुळे फ्रॅग्मोप्लास्ट बांगडीसारखा रुंदावत जुन्या भिंतीपर्यंत पोहोचतो. इथे हिरामोतोंच्या प्रयोगाशी तुलना उपयोगी पडते. प्राणी पेशीत तुर्क काढला तरी काम पुढे चालते, वनस्पती पेशीत फ्रॅग्मोप्लास्टच्या नलिका विरघळल्या तर पटलाची वाढ तिथेच थांबते.

प्रक्रिया कुठे अडते

दोन्हीकडे अपयशाचा परिणाम सारखा दिसतो: एका पेशीत दोन केंद्रके. कारणे मात्र वेगळी असतात. प्राणी पेशीत सायटोकॅलसिन-बी हे रसायन ॲक्टिनचे तंतू वाढू देत नाही, त्यामुळे कडेच बनत नाही. जनुकीय हानी तपासण्याच्या एका पद्धतीत हे मुद्दाम केले जाते. रक्तातील लिंफोसाइट पेशी वाढीला लावल्यानंतर ४४ व्या तासाला सायटोकॅलसिन-बी घालतात आणि ७२ व्या तासाला पेशी पाहतात. दोन केंद्रके दिसली की ती पेशी एकदाच विभागली हे नक्की होते, आणि तिच्यात मागे राहिलेली छोटी केंद्रके मोजता येतात. त्यांवरून गुणसूत्रे तुटल्याचे किंवा मागे पडल्याचे कळते.

कांद्याच्या मुळांत तेच काम ०.१ टक्के कॅफीन, म्हणजे सुमारे ५ मिलिमोलर, करते. कॅफीन पुटिकांना येण्यापासून अडवत नाही. पटल सुरू होते, पण पक्के न होता विरघळते. ॲराबिडॉप्सिसच्या नोल या उत्परिवर्तनात बिघाड वेगळ्या पायरीवर असतो: पुटिका योग्य जागी रांगेत येतात, पण त्यांना जोडणारे सिंटॅक्सिन हे प्रथिन नसल्याने त्या एकमेकींत मिसळतच नाहीत.

कांद्याच्या मुळाच्या स्लाइडवर

मूळ एक भाग ॲसेटिक आम्ल आणि तीन भाग अल्कोहोलच्या मिश्रणात स्थिर करून, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करून ॲसिटोकार्मिनने रंगवले, की अंत्यावस्थेतल्या पेशी सहज सापडतात. प्रीप्रोफेज पट्टा या रंगाने दिसत नाही. पेशीपटल दोन गडद केंद्रकांमधील बारीक, फिकट रेषेसारखे दिसते, आणि ती रेषा दोन्ही कडांना टेकलेली नसेल तर पटल अजून वाढत आहे. खरी दोन केंद्रकांची पेशी ओळखताना मात्र घाई करू नये. जोराने दाबलेल्या स्लाइडवर दोन पेशी एकमेकींवर येऊन एकच वाटू शकतात, आणि ऐन अंत्यावस्थेतील कोवळे पटल रंग न धरल्यामुळे निसटू शकते. सूक्ष्म फोकस वरखाली करून मध्ये भिंत शोधावी. दोन्ही केंद्रके गोल, विश्रांत आणि साधारण सारख्या आकाराची असतील आणि तरीही मध्ये रेषा नसेल, तर परिकल विभाजन अयशस्वी झाले असे म्हणता येते. गुणसूत्रे अजून घट्ट गोळा झालेली असतील, तर ती पेशी अंत्यावस्थेतली आहे आणि तिचे पटल बनायचे किंवा पूर्ण व्हायचे आहे.